नॅशनल आहे, मग नॅशनहुड का नाही? एका चुकीचं प्रकरण

मी कॉलेजात इंग्रजी ध्वनिशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी आमच्या वर्गातली एक मुलगी वाचन स्पर्धेला उभी होती, उतारा राष्ट्र या कल्पनेवरचा होता आणि त्यात एक शब्द चार वेळा आला, नेशनहुड. तिने चारही वेळा तो ‘नॅशनहुड’ वाचला. परीक्षकांनी नंतर सांगितलं की बाई, ते नेशनहुड आहे, आणि तिने मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. “मॅडम, नेशनचं नॅशनल होतं ना? म्हणजे शब्द लांब झाला की ‘ने’चा ‘नॅ’ होतो. मग नेशनहुड पण लांबच झालाय, तीन अक्षरं तिथेही आहेत. मग नॅशनहुड का नाही?”

मला हा प्रश्न फार आवडला, कारण तिने चूक पाठांतराच्या आळसातून केलेली नव्हती. तिने एक नियम स्वतःच शोधून काढला होता आणि तो नियम खरोखर इंग्रजीत आहे, फक्त तो कुठे चालतो आणि कुठे चालत नाही याची हद्द तिला माहीत नव्हती. ती हद्द कशी ठरते हे आम्ही पुढचे तीन-चार दिवस जेवणाच्या सुट्टीत मिळून तपासलं. तेच इथे लिहितेय.

आधी तिचा नियम नीट मांडू. इंग्रजीत एखाद्या शब्दातल्या दीर्घ स्वरानंतर आणखी निदान दोन सिलॅबल आले की तो दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. शेवटून तिसऱ्या सिलॅबलमधला स्वर, असं म्हटलं तरी चालेल. सेन म्हणजे शहाणा, त्याचं सॅनिटी. डिव्हाइनचं डिव्हिनिटी. सिरीनचं सिरेनिटी. नेशनचं नॅशनल: ने-श-नल, तीन सिलॅबल, ‘ने’ शेवटून तिसरा, म्हणून ‘नॅ’. आता ‘ए’ ऱ्हस्व झाला की ‘ए’च राहायला हवा, ‘अॅ’ कसा झाला, असं कुणालाही वाटेल. त्याचं कारण इतिहासात आहे. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर एकेक पायरी सरकले आणि ऱ्हस्व स्वर मात्र जवळपास जागेवरच राहिले. पूर्वी एकाच स्वराची दीर्घ आणि ऱ्हस्व रूपं असलेली जोडी आता ‘ए’ आणि ‘अॅ’ अशी दूरची वाटते. पण भाषेच्या आतल्या हिशोबात ती अजून जोडीच आहे.

आता नेशनहुड घ्या. ने-शन-हुड, तीन सिलॅबल, ‘ने’ शेवटून तिसरा. नुसता तयार शब्द समोर ठेवून सिलॅबल मोजले तर नॅशनल आणि नेशनहुड यांच्यात काहीच फरक दिसत नाही, आणि नियम दोन्हीकडे सारखाच लागायला हवा. तिथेच ती मुलगी फसली, आणि फसणं साहजिकच होतं. फरक तयार शब्दात नसून शब्द बनतो कसा यात आहे, म्हणजे -अल हा प्रत्यय कोणत्या टप्प्यावर चिकटला आणि -हुड कोणत्या टप्प्यावर.

या विचाराला एक वंशावळ आहे. १९६८ साली चॉम्स्की आणि हॅले यांनी इंग्रजी ध्वनिव्यवस्थेवरच्या मोठ्या ग्रंथात दाखवलं की काही प्रत्ययांच्या आधीची सीमा कच्ची असते आणि काहींच्या आधीची पक्की. १९७४ मध्ये डोरोथी सीगल यांनी प्रत्ययांचे सरळ दोन वर्ग केले आणि पहिल्या वर्गातले दुसऱ्याच्या आधी लागतात असं मांडलं. १९७८ मध्ये मार्गारेट अॅलन यांनी ही टप्प्यांची कल्पना पुढे नेली. मग १९८२ मध्ये पॉल किपार्स्की यांनी त्यात ध्वनीचे नियम गुंफले: प्रत्येक टप्प्यावर प्रत्यय लागतो, लगेच त्या टप्प्याचे ध्वनिनियम चालतात, मग पुढचा प्रत्यय, परत नियम. यालाच लेक्सिकल फोनॉलॉजी म्हणतात. त्याच वर्षी के. पी. मोहनन यांचा प्रबंध आला, त्यात हीच चौकट मल्याळमला लावलेली आहे.

वर्गात मी याला ‘लेव्हल’ म्हणते आणि मुलींनाही तोच शब्द बरा वाटतो. लेव्हल एकवर -अल, -इटी, -इक, -एशन असे प्रत्यय येतात. ते शब्दाच्या अगदी अंगाला लागतात, त्याचा जोर हलवतात, स्वर बदलतात. लेव्हल दोनवर -हुड, -नेस, -लेस, -फुल. हे बाहेरून येऊन बसतात, आतलं काही हलवत नाहीत. आणि तो स्वर ऱ्हस्व करणारा नियम फक्त लेव्हल एकवर चालतो, हीच या प्रकरणाची किल्ली.

आता हे पायरीने करून बघू, कारण नुसतं सांगून पटत नाही.

नेशनहुड: लेव्हल एकवर आपल्याकडे फक्त ‘नेशन’ आहे. दोन सिलॅबल. ‘ने’नंतर एकच सिलॅबल, म्हणजे नियमाची अट पूर्ण होत नाही, तो स्वराला हात लावत नाही. लेव्हल एक संपली. इथे एक महत्त्वाची गोष्ट होते, आतल्या शिवणी पुसल्या जातात, म्हणजे पुढच्या लेव्हलला हा शब्द एक बंद डबा म्हणून मिळतो. मग लेव्हल दोनवर -हुड लागतं. आता सिलॅबल तीन झाले खरे, पण तो नियम ज्या लेव्हलवर काम करत होता ती केव्हाच मागे गेली. म्हणून ‘ने’ तसाच राहतो.

नॅशनल: लेव्हल एकवरच ‘नेशन’ला -अल लागतं, तीन सिलॅबल होतात, नियम अजून ड्यूटीवर आहे, ‘ने’चा ‘नॅ’ करतो. झालं.

म्हणजे सिलॅबल किती हे मोजायचं ते शेवटी मोजायचं नाही, त्या लेव्हलवर असताना मोजायचं. हे ऐकल्यावर ती मुलगी म्हणाली, “म्हणजे उशिरा आलेल्याला पंगतीत जागा नाही.” मी म्हटलं अगदी तसंच.

मग मी तिला आपल्या मराठीतलं दूध आठवायला सांगितलं. दूध शब्दात ‘दू’ दीर्घ. दुधाळ म्हैस म्हणताना ‘दु’ ऱ्हस्व, दुधी भोपळ्यात ऱ्हस्व, दुधाला म्हणतानाही ऱ्हस्व. पण दूधवाला म्हणताना परत ‘दू’ दीर्घच. -आळ आणि -ई शब्दाच्या आत शिरतात आणि -वाला बाहेर बसतो. मराठीतला नियम वेगळा आहे, इथे अकारान्त शब्दाच्या शेवटी दीर्घ असलेला ई-ऊ शेवटाहून मागे सरकला की ऱ्हस्व होतो, आणि त्याची कारणंही इंग्रजीपेक्षा वेगळी आहेत, तेव्हा दोन्ही एकच म्हणू नका. पण काही प्रत्यय आतले आणि काही बाहेरचे ही जाणीव आपल्या कानाला आधीपासून आहे, आणि मुलींना लेव्हल समजवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

जोराचं काय, म्हणजे आघाताचं? आपण मराठी माणसं इथे जास्त अडकतो कारण मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही आणि आपला कान तिकडे लागलेला नसतो. पेअरंट हा शब्द घ्या, जोर पहिल्या ‘पे’वर. पेअरंटहुड, जोर तिथेच, स्वरही तेच, -हुड बाहेर बसलंय. पण -अल लावलं की जोर उडी मारून ‘रें’वर जातो आणि पहिल्या सिलॅबलचा स्वर इतका मरगळतो की तिथे फक्त एक पुसट ‘अ’ उरतो: प-रें-टल. आपल्याकडे सगळे ‘पॅरेंटल’ म्हणतात, पहिला ‘पॅ’ भरभक्कम. इंग्रज तो उच्चारतच नाही असं नाही, पण गिळतो.

जोर आणि स्वर यांचं हे नातं नीट बघायचं तर एकाच शब्दावर लेव्हल एकचे प्रत्यय एकामागून एक लावून पाहावे लागतात, आणि तिथेच सायकल म्हणजे फेरी ही कल्पना येते. प्रत्येक प्रत्ययागणिक नियमांची एक फेरी होते, आणि आधीच्या फेरीचा निकाल पुढच्या फेरीत शिल्लक राहतो. यासाठी मी ऑरिजिन हा शब्द घेतला, कारण ‘ओरिजिनल’ आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो.

पहिली फेरी, ऑरिजिन. जोर ‘ऑ’वर. दुसरी फेरी, -अल लागलं, जोर ‘रि’वर सरकला: ओ-रि-जि-नल. शेवटचं ‘नल’ हिशोबात धरायचं नाही, उरलेल्यात ‘जि’ हलका आहे म्हणून जोर त्याच्या मागच्यावर, ‘रि’वर. तिसरी फेरी, -इटी लागलं, मुख्य जोर आता ‘नॅ’वर: ओ-रि-जि-नॅ-लि-टी. मग मागे राहिलेल्या ओ-रि-जि या तिघांचं काय? मुख्य जोराच्या आधी इतके सिलॅबल असले की इंग्रजीत एखाद्यावर दुय्यम जोर येतोच. तो कुणावर येतो? उत्तर आहे ‘रि’वर. आणि का, तर मागच्या फेरीत, ओरिजिनलमध्ये, मुख्य जोर तिथे होता. शब्दाला स्वतःची जुनी फेरी आठवते.

हे आठवणं खरं आहे कशावरून? तर ज्या शब्दाला आत अशी फेरीच नाही, असा शब्द घ्या. अब्राकडॅब्रा. त्यातही मुख्य जोराच्या आधी तीन सिलॅबल, अ-ब्रा-क, आणि मुख्य जोर ‘डॅ’वर. इथे दुय्यम जोर पहिल्यावर येतो. दोन्ही शब्दांत जागा सारखी, पण ओरिजिनॅलिटीत दुसऱ्यावर आणि अब्राकडॅब्रात पहिल्यावर. कारण अब्राकडॅब्राच्या पोटात ओरिजिनलसारखा कुणी बसलेला नाही. मला स्वतःला शिकताना ही जोडी कळली त्या दिवशी सायकल या शब्दावरचा माझा अविश्वास गेला, तोवर मला तो नुसता कागदावरचा कंस वाटायचा.

आता परत नेशनच्या घराण्यात येऊ, कारण तिथे एक बारीक गोष्ट आहे जी मी वर्गात मुद्दाम हळू सांगते. नॅशनलमध्ये शेवटचं -अल कसं ऐकू येतं? पुसट. नॅ-श-नल, तिथे स्वर जवळजवळ नाहीच. पण -इटी लागून नॅशनॅलिटी झालं की तोच स्वर स्वच्छ ‘अॅ’ होऊन वर येतो, कारण जोर त्याच्यावर आला. हा ‘अॅ’ आला कुठून? जर नॅशनलच्या फेरीतच त्या स्वराचा पुसट ‘अ’ करून टाकला असता तर तो मुळात ‘अॅ’ होता की ‘ए’ होता की ‘ऑ’ होता हे पुढच्या फेरीला कळलंच नसतं. पुसट स्वराकडे बघून मूळ ओळखता येत नाही. म्हणजे स्वर पुसट करणारा नियम या फेऱ्यांमध्ये येताच कामा नये, सगळे प्रत्यय लागून जोर कुठे स्थिरावला हे ठरल्यावर अगदी शेवटी तो चालायला हवा. जोराचा नियम फेरीफेरीने, ऱ्हस्वाचा नियम फेरीफेरीने, पुसट करण्याचा मात्र शेवटी एकदाच. कोणता नियम कुठे बसतो हे असं शब्दांवरूनच काढता येतं.

आणखी एक पुरावा घाईच्या बोलण्यात मिळतो. इंग्रज भराभर बोलताना नॅशनलचा मधला स्वर पूर्ण गाळतात, ‘नॅश्नल’, दोनच सिलॅबल. आता दोनच राहिले तर ‘ने’ परत यायला हवा ना? येत नाही. कारण ऱ्हस्व करणं शब्द बनतानाच होऊन गेलंय आणि स्वर गाळणं हे वाक्यात बोलताना, शब्द तयार होऊन बाहेर पडल्यावर होतंय. आधी झालेलं नंतरच्याने उलटत नाही.

इथपर्यंत सगळं छान जमत होतं आणि मग तिने विचारलं, “नाइटिंगेल?” नाय-टिं-गेल, तीन सिलॅबल, पहिला स्वर दीर्घ, शेवटून तिसरा. ऱ्हस्व व्हायला हवा होता, ‘निटिंगेल’. होत नाही. आयव्हरी म्हणजे हस्तिदंत, तिथेही तेच. याला किपार्स्कींच्या चौकटीत उत्तर आहे: हे फेरीवाले नियम फक्त तिथेच लागतात जिथे त्यांची अट त्याच फेरीत नव्याने, प्रत्यय लागल्यामुळे तयार झालेली असते. नाइटिंगेल आजच्या इंग्रजीत एकच अखंड शब्द आहे, त्यात कुणी प्रत्यय जोडून तीन सिलॅबल केलेले नाहीत, म्हणून नियम त्याला ओलांडून जातो. हे उत्तर तिला पटलं आणि मलाही ते पटतं.

पण पुढच्या शब्दाला माझ्याकडे तसं उत्तर नव्हतं. नोशन म्हणजे कल्पना, त्याचं नोशनल. -अल हाच प्रत्यय, लेव्हल एक, तीन सिलॅबल, नव्याने तयार झालेले, सगळ्या अटी पूर्ण. आणि तरी ‘नो’ दीर्घच. एज्युकेशनचं एज्युकेशनल, ‘के’ तसाच. ऑकेजनचं ऑकेजनल, सेन्सेशनचं सेन्सेशनल, कुठेच ऱ्हस्व नाही. ओबीसचं ओबीसिटी, तिथे -इटी असूनही ‘बी’ दीर्घ. खरं पाहिलं तर -शनल गटात ‘अॅ’ होणारे नॅशनल आणि रॅशनल असे मोजकेच शब्द आहेत आणि ऱ्हस्व न होणारेच जास्त. मी तिला स्पष्ट सांगितलं की हा या नियमाचा खरा कच्चा दुवा आहे. -इटी लागलं की नियम बऱ्यापैकी भरवशाचा, -अल लागलं की शब्दागणिक बघायचं. लेव्हलची कल्पना एक गोष्ट ठामपणे सांगते, की लेव्हल दोनच्या प्रत्ययाने स्वर ऱ्हस्व होणार नाही. लेव्हल एकच्या प्रत्ययाने होईलच, असं वचन ती देत नाही, तिथे अपवाद शब्दाबरोबरच लक्षात ठेवावे लागतात. आपल्याकडेही मीठ-मिठाला पण गीत-गीताला आहेच, तत्सम शब्द नियमाबाहेर.

प्रत्ययांच्या क्रमाबद्दलही ही चौकट काही सांगते. लेव्हल दोन झाल्यावर लेव्हल एकला परत जाता येत नाही, म्हणून होमलेसनेस होतो पण होमलेसिटी होत नाही, पेअरंटहुडला -अल लावून कुणी काही बनवत नाही. हे ऐकून तिने घरी जाऊन शब्द शोधले आणि दुसऱ्या दिवशी वहीत एक शब्द मोठ्या अक्षरात लिहून आणला, नॅशनलायझेशन. नॅशनलला -आइझ लागलं तेव्हा जोर ‘नॅ’वरच राहिला, म्हणजे -आइझ बाहेरचं, लेव्हल दोनचं वाटतं. पण त्याच्यावर -एशन लागलं आणि मुख्य जोर ‘झे’वर गेला, म्हणजे -एशन लेव्हल एकचं. दोनच्या बाहेर एक! तिच्या चेहऱ्यावर मला पकडल्याचा आनंद होता, आणि तिने पकडलंच होतं. गव्हर्नमेंटलमध्येही हेच आहे, -मेंट जोर हलवत नाही आणि त्याच्यावर बसलेलं -अल हलवतं.

यावर एक मार्ग असा की काही प्रत्यय दोन्ही लेव्हलवर नांदतात असं मानायचं. -आइझ खरंच तसं वागतं, हॉस्पिटलचं हॉस्पिटलाइझ करताना जोर पहिल्यावरच राहतो, पण कॅथलिकचं कथॉलिसाइझ होताना जोर ‘थॉ’वर सरकतो आणि शेवटच्या ‘क’चा ‘स’ही होतो. हा मार्ग चालतो, पण जितके प्रत्यय दोन्हीकडे घालाल तितकं क्रमाबद्दलचं भाकीत पातळ होत जातं. १९८८ मध्ये नायजेल फॅब यांनी इंग्रजी प्रत्ययांच्या जोड्या तपासून दाखवलं की लेव्हलने ज्या जोड्या चालायला हव्यात त्यातल्या बहुतेक प्रत्यक्षात नाहीतच, प्रत्येक प्रत्ययाच्या स्वतःच्या आवडीनिवडीच क्रम ठरवतात. मला वाटतं क्रमाचा भाग सैल धरावा आणि ध्वनीचा भाग घट्ट. कोण कुणाच्या नंतर येतं हे लेव्हलने पूर्ण ठरत नाही. पण कोणता प्रत्यय जोर हलवतो, स्वराला हात लावतो आणि कोणता नुसता बाहेर बसतो, हा फरक कानाने रोज तपासता येतो आणि तो टिकतो.

पुढच्या स्पर्धेसाठी तिने उताऱ्यात पेन्सिलीने खुणा केल्या. -हुड, -नेस, -लेस, -फुल दिसलं की त्याच्या आधी उभी रेघ, म्हणजे रेघेच्या अलीकडचा शब्द एकटा असताना जसा म्हणतो तसाच म्हणायचा. -इटी, -इक, -एशन दिसलं की खाली गोल, म्हणजे थांबायचं, जोर कुठे गेला ते बघायचं. -अलखाली तिने गोलाच्या आत प्रश्नचिन्ह काढलं, कारण नॅशनल आणि नोशनल दोन्ही त्याच खुणेत बसतात आणि ते डिक्शनरीत बघूनच वाचायचं. उताऱ्यात मल्टिनॅशनल होतं, तिथे तिने गोल काढून पहिल्याच वेळी बरोबर वाचलं. नेशनवाइड आलं तेव्हा तिने मला विचारलंसुद्धा नाही, रेघ मारली आणि पुढे गेली.